बीजकावरील वेगळा कर आणि वजावटीचा हिस्सा

जळगाव शहर डाळ गिरण्यांसाठी महाराष्ट्राबाहेरही ओळखले जाते. तूर, हरभरा, मूग, उडीद यांची डाळ येथे तयार होऊन दूरच्या बाजारपेठांत जाते. या गिरण्यांना यंत्रदुरुस्ती, गोण्या, छापील पिशव्या अशा अनेक वस्तू व सेवा बाहेरून घ्याव्या लागतात. त्यांची जी बिले येतात त्यांत मालाची किंमत एका ओळीत आणि वस्तू व सेवा कर निराळ्या ओळींत लिहिलेला असतो. हा कर निराळा का दाखवतात, आणि त्यातील किती रक्कम गिरणीमालकाला आपल्या करातून वजा करून घेता येते, हे दोन प्रश्न व्यवहारात वारंवार उद्भवतात. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र बिलाकडे कितीही पाहिले तरी त्यात सापडत नाही. ते गिरणीमालक काय विकतो यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात एका गिरणीच्या एका महिन्याच्या हिशेबाद्वारे ही गोष्ट स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरणातील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून योजलेले आहेत.

बीजकावरील तीन ओळी

धुळ्याच्या एका यंत्रशाळेने जळगावच्या एका डाळ गिरणीतील रोलर व चाळण्यांची दुरुस्ती केली, असे समजू. काम एक लाख रुपयांना ठरले होते. काम झाल्यावर बिल आले ते असे: दुरुस्तीचा आकार १,००,००० रुपये, केंद्रीय वस्तू व सेवा कर ९ टक्के, ९,००० रुपये, राज्य वस्तू व सेवा कर ९ टक्के, ९,००० रुपये, एकूण १,१८,००० रुपये.

बिल पाहून गिरणीमालक साहजिकच विचारतो, "भाऊ, बोली एक लाखाची झाली होती. हे वरचे अठरा हजार कसले? आणि ते लावायचेच होते, तर एक लाख अठरा हजार असा एकच आकडा का नाही टाकला?"

यंत्रशाळेचा मालक त्याला सांगतो, "शेठ, माझे पैसे एक लाखच. अठरा हजार सरकारचे आहेत. ते मी तुमच्याकडून घेतो आणि सरकारात भरतो. एकत्र लिहिले असते, तर तुमच्या हिशेबनिसाला त्यातले काहीच वजा करता आले नसते."

या उत्तरात दोन्ही कारणे आली आहेत. पहिले कारण कायद्याचे. वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३३ प्रमाणे, कर देण्यास पात्र असलेल्या विक्रेत्याने किमतीत समाविष्ट असलेली कराची रक्कम बीजकावर ठळकपणे दाखवलीच पाहिजे. म्हणजे ती वेगळी लिहावी की नाही, हे विक्रेत्याच्या मर्जीवर नाही. दुसरे कारण व्यवहाराचे. या कराची सारी रचनाच वजावटीवर उभी आहे. धुळ्याच्या यंत्रशाळेने दुरुस्तीसाठी लागणारे सुटे भाग २०,००० रुपयांना घेतले असतील, तर त्यावर तिने ३,६०० रुपये कर आधीच दिलेला असतो. म्हणून गिरणीकडून घेतलेल्या १८,००० रुपयांतून ते ३,६०० वजा जाता ती १४,४०० रुपयेच रोखीने भरते. सुटे भाग विकणाऱ्याच्या बिलावर ३,६०० चा आकडा निराळा नसता, तर ही वजाबाकी शक्यच झाली नसती. बीजकावरील निराळा कर म्हणजे पुढच्या व्यापाऱ्याच्या हाती दिलेली पावतीच होय.

पूर्वी असे नव्हते. १ जुलै २०१७ पूर्वी कारखान्यात लागणारे केंद्रीय उत्पादन शुल्क बहुतेक वेळा मालाच्या किमतीत मिसळून दुकानापर्यंत पोहोचत असे, आणि राज्याचा मूल्यवर्धित कर त्या शुल्कासह झालेल्या किमतीवर लागत असे. बऱ्हाणपूर किंवा सुरत येथून माल आणल्यास त्यावर केंद्रीय विक्रीकर पडे, आणि त्याची वजावट जळगावच्या व्यापाऱ्यास मिळत नसे. आज धुळ्याच्या बिलावर केंद्र व राज्य अशा दोन ओळी असतात, कारण पुरवठा राज्यातल्या राज्यात झालेला असतो. बऱ्हाणपूरच्या बिलावर एकात्मिक कराची एकच ओळ असते, कारण माल राज्याची सीमा ओलांडतो. दोन्ही ठिकाणी कराचा एकूण दर सारखाच असतो आणि दोन्हींची वजावट मिळू शकते.

वजावट म्हणजे काय

खरेदीवर दिलेला कर विक्रीवरील करातून वजा करून घेण्याच्या या हक्कास व्यापारी 'इनपुट टॅक्स क्रेडिट' म्हणतात. आपण त्यास वजावट म्हणू. हा हक्क दोन गोष्टी गृहीत धरतो. खरेदी धंद्यासाठी झालेली असली पाहिजे, आणि त्या खरेदीचा उपयोग करपात्र विक्रीसाठी झालेला असला पाहिजे. विक्री करमुक्त असेल, तर तिच्यासाठी केलेल्या खरेदीवरील कराची वजावट कलम १७ प्रमाणे मिळत नाही. यामागील तर्क सरळ आहे. ज्या विक्रीवर सरकारला कर मिळायचाच नाही, तिच्यापोटी वजा कशातून करणार?

डाळ गिरणीचा प्रश्न नेमका येथेच गुंतागुंतीचा होतो, कारण तीच डाळ काही वेळा करपात्र असते व काही वेळा करमुक्त. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरलेल्या व वजनमापे कायद्याप्रमाणे मजकूर छापलेल्या पाकिटांतील डाळीवर ५ टक्के कर आहे. ५० किलोच्या गोणीतील डाळ मात्र करमुक्त आहे. जळगावच्या अनेक गिरण्या घाऊक व्यापाऱ्यांना गोणी देतात आणि किराणा दुकानांसाठी एक किलोची पाकिटेही भरतात. एकाच रोलरखालून निघालेली डाळ पाकिटात गेली की करपात्र ठरते, आणि गोणीत गेली की करमुक्त.

म्हणून गिरणीमालकाने जेव्हा समाधानाने म्हटले, "ठीक आहे भाऊ, मग हे अठरा हजार मी माझ्या करातून पुरते कापून घेतो," तेव्हा यंत्रशाळेच्या मालकाने त्यास थांबवणे योग्यच होते. "शेठ, ते माझ्या बिलावरून ठरत नाही. तुमच्या गोण्या किती गेल्या आणि पाकिटे किती गेली, ते आधी पाहा."

एका महिन्याचा हिशेब

या गिरणीने त्या महिन्यात एकूण ४० लाख रुपयांची विक्री केली. त्यांपैकी १० लाखांची डाळ एक किलोच्या छापील पाकिटांतून गेली आणि २८ लाखांची ५० किलोच्या गोण्यांतून. उरलेल्या २ लाखांची चुनी व टरफले गुरांच्या खाद्यासाठी विकली गेली. डाळीची चुनी व टरफले १ जानेवारी २०२३ पासून करमुक्त आहेत. म्हणून करमुक्त विक्री २८ लाख नसून ३० लाख धरावयाची. चुनीची विक्री किरकोळ वाटत असल्याने हिशेबनीस ती अनेकदा विसरतात आणि तेथेच पहिली चूक होते.

त्याच महिन्यात कर लागलेल्या तीन खरेद्या झाल्या. पाकिटांसाठी छापील प्लास्टिक फिल्म ६०,००० रुपयांची, तीवर १८ टक्क्यांप्रमाणे १०,८०० रुपये कर. ५० किलोच्या विणीव प्लास्टिक गोण्या ३०,००० रुपयांच्या, त्यांवर ५,४०० रुपये कर. आणि धुळ्याच्या यंत्रशाळेची दुरुस्ती, तीवर १८,००० रुपये कर. तिन्ही बिलांवरील कर मिळून ३४,२०० रुपये होतो.

आता प्रत्येक बिल हाती घेऊन एकच प्रश्न विचारावयाचा: ही खरेदी कोणत्या विक्रीसाठी झाली?

फिल्म केवळ पाकिटांसाठी वापरली जाते, आणि पाकिटे करपात्र आहेत. म्हणून तिचे १०,८०० रुपये पूर्ण वजावटीस पात्र आहेत.

गोण्या केवळ करमुक्त डाळीसाठी वापरल्या जातात. म्हणून त्यांच्या ५,४०० रुपयांची वजावट मुळीच मिळत नाही. गोणीचे बिल अगदी नियमानुसार असले, त्यावर कर वेगळा लिहिलेला असला, तरीही नाही.

दुरुस्ती झालेल्या रोलरवरून मात्र दोन्ही प्रकारची डाळ जाते. ही सामाईक खरेदी झाली. अशा खरेदीवरील कर नियम ४२ प्रमाणे विक्रीच्या प्रमाणात विभागावा लागतो. एकूण विक्रीत करमुक्त विक्रीचे जे प्रमाण असेल, त्या प्रमाणात सामाईक कर सोडून द्यावयाचा. येथे ४० लाखांत ३० लाख करमुक्त, म्हणजे तीन चतुर्थांश. १८,००० रुपयांचे तीन चतुर्थांश १३,५०० रुपये सोडावे लागतात, आणि ४,५०० रुपये वजावटीस उरतात.

अशा रीतीने ३४,२०० रुपयांपैकी १०,८०० आणि ४,५०० मिळून १५,३०० रुपये गिरणीला वजा करता येतात. पाकिटांच्या १० लाखांच्या विक्रीवर ५ टक्क्यांप्रमाणे ५०,००० रुपये कर देणे आहे. त्यातून १५,३०० वजा जाता ३४,७०० रुपये रोखीने भरावयाचे. निम्मे केंद्राचे आणि निम्मे राज्याचे, म्हणजे प्रत्येकी १७,३५० रुपये.

तिन्ही बिलांवरील कर सरसकट वजा केला असता, तर १८,९०० रुपये कमी भरले गेले असते. अशी चुकीची वजावट वापरली गेल्यास ती रक्कम तर परत करावी लागतेच, शिवाय तीवर सालीना १८ टक्के व्याज द्यावे लागते. एका वर्षाने चूक उघडकीस आली, तर व्याजच ३,४०२ रुपये होईल. ही एका महिन्याची गोष्ट झाली. बारा महिने असाच हिशेब चालल्यास गिरणीवर केवढा बोजा येईल, याची कल्पना करता येते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. न मिळालेले १८,९०० रुपये हे गिरणीच्या खर्चातच जमा होतात. दुरुस्तीचा खरा खर्च एक लाख नाही आणि एक लाख अठरा हजारही नाही, तर १,१३,५०० रुपये आहे. करमुक्त गोणीच्या बिलावर कराची ओळ नसते, परंतु तिच्या भावात हा न दिसणारा कर असतोच. गोणीचा भाव ठरवताना ज्याने तो धरला नाही, त्याला नफ्यात पडलेली तूट वर्षअखेरीसच कळते.

मासिक विभागणी ही तात्पुरती असते. डाळीच्या धंद्यात हंगामाप्रमाणे गोणी व पाकीट यांचे प्रमाण बदलते. म्हणून आर्थिक वर्ष संपल्यावर संपूर्ण वर्षाच्या विक्रीवरून हाच हिशेब पुन्हा करावा लागतो, आणि कमी-अधिक झालेली रक्कम पुढील सप्टेंबर महिन्याच्या विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी जुळवून घ्यावी लागते. गिरणीने दुरुस्तीऐवजी नवीन यंत्रच विकत घेतले, तर त्यावरील सामाईक कर नियम ४३ प्रमाणे ६० महिन्यांवर पसरून दरमहा विभागला जातो.

बीजक हाती असूनही वजावट का अडते

वाट्याचा हिशेब बरोबर असला, तरी वजावट पदरात पडेपर्यंत आणखी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाची अट गिरणीच्या हातात नसून धुळ्याच्या यंत्रशाळेच्या हातात आहे. विक्रेत्याने आपल्या मासिक विवरणपत्रात ते बीजक नोंदवले पाहिजे. नोंदवले की ते खरेदीदाराच्या `GSTR-2B` या तक्त्यात दिसू लागते. हा तक्ता दर महिन्याच्या १४ तारखेस तयार होतो. १ जानेवारी २०२२ पासून, जे बीजक या तक्त्यात नाही त्याची वजावट घेता येत नाही. म्हणून १४ तारखेनंतर हाती असलेली बिले आणि तक्त्यातील नोंदी समोरासमोर ठेवून पडताळणे, हे हिशेबनिसाचे दरमहाचे काम झाले आहे.

बीजक तक्त्यात दिसत नसेल, तर कारण बहुधा तीनांपैकी एक असते. विक्रेत्याने विवरणपत्र भरलेलेच नसते. किंवा भरले असते, पण खरेदीदाराचा पंधरा अक्षरी नोंदणी क्रमांक चुकीचा लिहिलेला असतो, आणि वजावट दुसऱ्याच कोणाच्या नावे गेलेली असते. किंवा नोंदणी क्रमांक न लिहिता ते बिल किरकोळ ग्राहकाची विक्री म्हणून दाखवलेले असते. शेवटच्या दोन चुका विक्रेता पुढील विवरणपत्रात दुरुस्त करू शकतो, पण त्यासाठी त्याला वेळीच कळवले पाहिजे. एका आर्थिक वर्षातील बीजकाची वजावट पुढील ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरल्यास तोपर्यंतच, घेता येते. त्यानंतर कागद कितीही शुद्ध असला तरी हक्क उरत नाही.

दुसरी अट उधारीसंबंधी आहे. बिलाची किंमत व कर बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत विक्रेत्यास चुकते केले पाहिजेत. तसे न झाल्यास घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. पुढे पैसे दिल्यावर ती पुन्हा घेता येते, परंतु दिलेले व्याज परत मिळत नाही. पिकाच्या हंगामावर हिशेब मिटवण्याची ज्यांची पद्धत आहे, त्यांनी ही मुदत वहीत टिपून ठेवावी.

तिसरी गोष्ट बिल हातात घेताच पाहावयाची. विक्रेता आपसमेळ योजनेत असेल, ज्यास व्यापारी 'कंपोझिशन' म्हणतात, तर त्याला ग्राहकाकडून कर घेण्याचा अधिकारच नसतो, आणि तसे त्याने बिलावर लिहावयाचे असते. अशा बिलावर कराची ओळ नसणे हेच बरोबर आहे. ती असेल तर मात्र संशय घ्यावा. विक्रेत्याची नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे आणि तो कोणत्या योजनेत आहे, हे त्याचा नोंदणी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून कोणालाही पाहता येते. महाराष्ट्रातील नोंदणी क्रमांक २७ या अंकांनी सुरू होतो.

ग्रामपंचायत व शाळा यांच्या बिलांविषयी

समजा, जळगाव जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायतीने कार्यालयासाठी २०,००० रुपयांची लोखंडी कपाटे घेतली. त्या बिलावरही ३,६०० रुपये कर वेगळा दाखवलेला असतो. परंतु या कपाटांचा उपयोग करून ग्रामपंचायत कोणतीही करपात्र विक्री करीत नाही. त्यामुळे तिच्या बाबतीत वजावटीचा प्रश्नच येत नाही. तिचा खर्च २३,६०० रुपये. अंदाजपत्रकात आणि दरपत्रकांच्या तुलनेत हीच करासहित रक्कम धरली पाहिजे. एका दुकानदाराने करासहित आणि दुसऱ्याने कराव्यतिरिक्त दर दिला असेल, तर दोन्ही एका पायावर आणल्याशिवाय कमी दर कोणाचा हे ठरत नाही.

तरीही कराची निराळी ओळ ग्रामपंचायतीला निरुपयोगी नाही. १ ऑक्टोबर २०१८ पासून शासकीय कार्यालये व स्थानिक प्राधिकरणे यांनी, कराची रक्कम वगळून अडीच लाख रुपयांपेक्षा अधिक किमतीचा करपात्र करार असेल तर, पुरवठादाराचे पैसे देताना २ टक्के कर कापून घ्यावयाचा असतो. ही कपात बिलाच्या एकूण रकमेवर करावयाची नसून कर वगळून उरणाऱ्या किमतीवर करावयाची आहे. तीन लाखांच्या मालावर ५४,००० रुपये कर लागून बिल ३,५४,००० रुपयांचे झाले असेल, तर कपात ६,००० रुपयांची होते, ७,०८० रुपयांची नव्हे. बिलावर कर वेगळा नसेल, तर ही आकारणी करता येणार नाही. अशा वेळी बिल परत पाठवून कर निराळा दाखवलेले बीजक मागवून घ्यावे.

कराची ओळ प्रत्येकाच्या बिलावर सारख्याच रीतीने लिहिली जाते. तिच्यातील आपला वाटा मात्र ज्याने त्याने आपल्या विक्रीकडे पाहून काढावयाचा असतो. यंत्रशाळेच्या मालकाला आपली पूर्ण वजावट मिळते. गिरणीमालकाला १८,००० पैकी ४,५०० रुपये मिळतात, आणि पुढील महिन्यात पाकिटांची विक्री वाढली तर त्या महिन्याच्या सामाईक करातील त्याचा वाटाही वाढेल. ग्रामपंचायतीला काहीच मिळत नाही. म्हणून बीजक दप्तरी लावण्यापूर्वी त्यावर ही खरेदी पाकिटांसाठी, गोण्यांसाठी की सामाईक, असा एक शब्द त्याच दिवशी लिहून ठेवण्याची पद्धत गिरणीच्या हिशेबनिसाने पाडावी. महिनाअखेरीस गोण्यांचा गठ्ठा कोणता आणि फिल्मचे बिल कोणते हे आठवत बसण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही, आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यालाही विभागणी कशाच्या आधारे केली हे कागदावरूनच दाखवता येईल.